बासमतीच्या कट्ट्याची शिलाई, छपाई आणि दाण्यांचे फोटो: मोबाईलवरून भेसळ किती कळते?

लग्नसराई आली की माझ्या व्हॉट्सॲपवर एक ठरलेला प्रश्न येतो. तांदळाच्या चार दाण्यांचा तळहातावर घेतलेला, थोडा हललेला फोटो आणि खाली एक ओळ: "दादा, हा ओरिजिनल बासमती आहे का?" मोबाईल, ॲप, कॅमेरा यांवर लिहितो म्हणून लोकांना वाटतं की फोटो बघून मला सगळं कळत असेल. फोटोवरून काही गोष्टी खरंच कळतात. पण लोक जे विचारतात, नेमकं तेच कळत नाही. आणि त्या फोटोपेक्षा कामाची माहिती बऱ्याचदा कट्ट्यावर असते, जो आचाऱ्याने तोवर फाडून बाजूला टाकलेला असतो.

आपल्या भागात हा प्रश्न जास्त का येतो, तेही सांगतो. अर्धापूर म्हटलं की केळी आणि हळद. बासमती इथे पिकत नाही, मराठवाड्यात कुठेच नाही. २०१६ साली बासमतीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात पंजाब, हरियाणा, हिमाचल, दिल्ली, उत्तराखंड, पश्चिम उत्तर प्रदेश आणि जम्मूकडचा काही भाग आहे. म्हणजे आपल्याकडे येणारा प्रत्येक दाणा हजारेक किलोमीटर लांबून, दोन-चार हात बदलून, नांदेडच्या मोंढ्यातून किंवा थेट गाडीने दुकानात येतो. घरी रोजची भाकरी ज्वारीची, भात साधा. बासमती लग्नात, ईदला, पाहुणे आले की. त्यामुळे नजर बसलेली नसते. केळीचा घड बघून अर्धापूरचा पोरगा त्यातलं खरं-खोटं सांगेल, बासमतीचं नाही सांगू शकत.

यावेळी प्रश्न आला माझ्या चुलत बहिणीच्या मुलाकडून, अर्धापूरहून. घरात लग्न, बिर्याणीसाठी २६ किलोचे चार कट्टे आणलेले. एक उघडला आणि आचारी म्हणाला, "यात मिक्स आहे." दुकानदार ओळखीचा, वीस वर्षांचा उधारीचा संबंध. तेव्हा नुसतं "वाटतंय" म्हणून भांडायचं नव्हतं. मी त्याला पहिलं सांगितलं: दाणे राहू दे, उरलेले तीन कट्टे उघडू नकोस आणि त्यांच्या तोंडाचे, तळाचे, पाठीमागच्या छपाईचे फोटो पाठव. पुढे जे सांगतोय ते याच कट्ट्यांवरून.

२६ किलोच का?

हा आकडा विचित्र वाटतो ना? १८ जुलै २०२२ पासून आधीच पॅक केलेल्या, लेबल लावलेल्या तांदळावर पाच टक्के जीएसटी लागू झाला, पण २५ किलोपर्यंतच्या पाकिटांवर. त्यावरच्या कट्ट्याला नाही. म्हणून बाजारात २६ आणि ३० किलोचे कट्टे दिसू लागले. यात बेकायदेशीर काही नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. वजनमापाच्या नियमांत एमआरपी, एका किलोचा दर, ग्राहक तक्रारीचा नंबर हे छापायची जी सक्ती आहे, ती किरकोळ विक्रीच्या पाकिटांना आहे, आणि २५ किलोच्या वरचं पाकीट त्यात येत नाही. त्यामुळे २६ किलोच्या कट्ट्यावर एमआरपी नाही, म्हणून तो नकली, असं म्हणता येत नाही. अन्नसुरक्षेचं लेबल मात्र त्याला लागतंच: मालाचं नाव, पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच, तारीख.

शिलाई वाचायची कशी

कट्ट्याला दोन शिलाया असतात. तळाची शिलाई पिशवी बनवणाऱ्या कारखान्यात होते, तोंडाची शिलाई तांदूळ भरल्यावर मिलमध्ये किंवा पॅकिंगवाल्याकडे होते. म्हणजे दोन्हींचा दोरा, टाक्याची लांबी, रंग वेगळा असू शकतो. "वरचा दोरा वेगळा आहे, म्हणजे कट्टा उघडलाय" हा व्हिडिओंमधला निष्कर्ष इथेच बाद होतो.

तोंडाची शिलाई साखळी टाक्याची असते. एका बाजूने बघितलं तर सरळ धावता टाका दिसतो, दुसऱ्या बाजूने साखळीसारखे फास. सरळ टाक्याची बाजू तुमच्याकडे करून बहुतेक वेळा उजव्या टोकाचा दोरा कापून ओढला की सगळी शिलाई सरसर उसवते. डाव्या टोकाने ओढलं तर घट्ट बसते. ज्याने कधी पोत्याशी झटापट केली असेल त्याला हे माहीत आहे. आता यातला मुद्दा बघा: जी शिलाई दहा सेकंदांत, एकही धागा न फाटता उसवते, ती हातातल्या छोट्या शिलाई मशीनने परत घालायलाही तेवढाच वेळ लागतो. अशी मशीन कुठल्याही धान्याच्या आडतीवर असते. म्हणून शिलाई नीट आहे याचा अर्थ कट्टा उघडला नाही, असा होत नाही.

मग काय बघायचं? भोकं. साखळी टाक्याची सुई साधारण ७ ते १० मिलिमीटरवर एकेक भोक पाडत जाते. दुसऱ्यांदा शिवताना सुई नेमकी त्याच भोकांतून जाणं जवळपास अशक्य असतं. त्यामुळे शिलाईच्या वर किंवा खाली रिकाम्या भोकांची दुसरी ओळ दिसते. पण ती कट्टा कशाचा आहे यावर अवलंबून आहे. चकचकीत छपाईचे कट्टे असतात त्यांवर प्लॅस्टिकची पातळ फिल्म चिकटवलेली असते, तिला बीओपीपी म्हणतात. या फिल्ममधलं भोक बुजत नाही. साध्या विणलेल्या पांढऱ्या पोत्यात मात्र सुई पट्ट्यांना बाजूला सारून जाते, आणि नखाने दोनदा घासलं की पट्ट्या परत जवळ येतात, भोक गायब. म्हणजे भोकांची परीक्षा चकचकीत कट्ट्यावरच भरवशाची.

फोटो कसा काढायचा? कट्ट्याचं तोंड सपाट ताणून धरा आणि मोबाईलचा टॉर्च एका बाजूने, जवळजवळ आडवा धरा. फ्लॅश वापरू नका, चकचकीत फिल्मवर तो नुसता पांढरा ठिपका देतो. आडव्या उजेडात प्रत्येक भोकाची कडा सावली टाकते आणि ओळ उठून दिसते. किंवा तोंडाची घडी उलगडून आतून टॉर्च लावा, भोकं ताऱ्यांसारखी चमकतात.

आमच्या चारपैकी उघडलेल्या कट्ट्याच्या तोंडावर अशी दुसरी ओळ मिळाली, शिलाईपासून अर्धा सेंटीमीटर खाली. उरलेल्या तिघांत एकावर होती, दोघांवर नव्हती. दुकानदाराला विचारलं तर तो सहज म्हणाला, "अरे, गिऱ्हाईकाला माल दाखवायला एक-दोन कट्टे खोलतोच की. परत शिवून ठेवतो." हे पटण्यासारखं आहे. मोंढ्यात तर परखी मारतात, म्हणजे टोकदार पोकळ नळी कट्ट्यात खुपसून आतला नमुना काढतात, आणि तिचं भोक पोटावर राहतं. तेव्हा दुसरी ओळ एवढंच सांगते की मिलनंतर हा कट्टा कुणीतरी उघडला. कुणी आणि कशासाठी, ते ती सांगत नाही. पण ज्यावर दुसरी ओळ नाही तो कट्टा घ्या, हा व्यवहारी सल्ला त्यातून निघतोच.

छपाईत काय बघावं

लोक छपाईचा रंग फिका आहे का, लोगो वाकडा आहे का हे बघत बसतात. रंगाची थोडी सरकलेली छपाई अस्सल मिलच्या कट्ट्यांवरही भरपूर दिसते. त्यामुळे त्यावर माझा फारसा भरवसा नाही. नखाने घासून बघायची युक्ती थोडी बरी: बीओपीपी कट्ट्यात छपाई फिल्मच्या आतल्या बाजूला असते, त्यामुळे चित्र नखाने निघत नाही. चकचकीत दिसणाऱ्या कट्ट्यावरचं चित्र खरवडून निघालं तर शंका घ्या. बॅच आणि तारीख मात्र नंतर, बारीक ठिपक्यांच्या शाईने, वरून मारलेली असते. ती थोडी पुसली जाणं चुकीचं नाही. तारखेखाली आधीच्या आकड्यांची पुसट सावली दिसली, किंवा तारखेवर स्टिकर दिसला, तर तो कट्टा परत.

पण सगळ्यात मोठी गफलत इथे होते: नकली छपाई शोधायच्या नादात खरी छपाई कुणी वाचत नाही. कट्ट्याच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत जे असतं ते ब्रँड. कायद्याच्या दृष्टीने मालाचं नाव पाठीमागे, बारीक अक्षरांत असतं. तिथे नुसतं "राईस", "लाँग ग्रेन राईस", "बिर्याणी राईस" किंवा "सुगंधी तांदूळ" लिहिलं असेल, तर कंपनीने बासमती दिलाय असं म्हटलेलंच नाही. पुढे मोगलाई महाल, हंडी, लांब दाण्यांची वाफ, सगळं असेल. "बिर्याणी राईस" ही काही तांदळाची जात नाही. आमच्या चार कट्ट्यांपैकी तीनवर मागे "बासमती राईस" होतं. चौथ्यावर, जो आधी उघडला आणि ज्यावर आचाऱ्याने बोट ठेवलं, त्यावर "लाँग ग्रेन अरोमॅटिक राईस". चित्र सारखं, पट्टीचा रंग थोडा वेगळा. एकाच ब्रँडचे दोन माल. बिलावर मात्र चारही "बासमती".

मग लायसन्स नंबर. १४ आकडी असतो, पहिला आकडा लायसन्ससाठी १, आणि पुढचे दोन राज्याचा कोड. महाराष्ट्राचे नंबर ११५ ने सुरू होतात, हरियाणाचे १०८ ने, उत्तर प्रदेशचे १२७ ने. केंद्राने दिलेलं लायसन्स १०० ने. बासमतीवर ११५ दिसलं तर घाबरू नका, महाराष्ट्रात आणून पॅक केलाय एवढाच त्याचा अर्थ. हा नंबर `foscos.fssai.gov.in` वर एफबीओ सर्चमध्ये टाका. कंपनीचं नाव आणि पत्ता येतो, आणि लायसन्स चालू आहे की नाही तेही कळतं. कट्ट्यावरच्या नाव-पत्त्याशी ते अक्षर न् अक्षर जुळवा. जुळलं नाही तर तो कागदी पुरावा झाला, कुठल्याही दाण्याच्या फोटोपेक्षा भक्कम. जुळलं तरी मात्र आतला माल त्याच कंपनीचा आहे हे सिद्ध होत नाही, कारण नंबर नक्कल करणाऱ्याला फुकट मिळतो. बारकोडचंही तेच. तो स्कॅन करून बरोबर नाव आलं म्हणून लोक खूश होतात, पण बारकोडचा फोटो काढून छापला तरी स्कॅनर तेच नाव दाखवतो. आणि सुरुवातीचे ८९० हे आकडे "भारतात बनलं" असं सांगत नाहीत, नंबर भारतातल्या संस्थेकडून घेतलाय एवढंच सांगतात.

एक जुनी गोष्ट: लग्नघरातून, हॉटेलांतून ब्रँडचे रिकामे कट्टे भंगारवाल्याकडे चांगल्या भावाने जातात. त्यांची छपाई शंभर टक्के अस्सल असते. म्हणून जेवणं झाल्यावर रिकामा कट्टा देताना मधोमध एक उभा काप मारून द्या.

आता दाण्यांकडे

बासमतीची ओळख लांबीवरून सुरू होते, म्हणून फोटोला इथे थोडा वाव आहे. बासमती म्हणून वाण मान्य करताना शिजवण्याआधीच्या दाण्याची सरासरी लांबी किमान ६.६१ मिलिमीटर आणि शिजल्यावर दाणा किमान १.७ पट लांब होणं, हे निकष भारतात वापरले गेले आहेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ ऑगस्ट २०२३ पासून देशात विकल्या जाणाऱ्या बासमतीला स्वतंत्र दर्जा लागू केला. त्यात दाण्याची लांबी, शिजल्यावरची वाढ, ओलावा, खराब दाणे, आणि चुकून आलेला बिगर-बासमती तांदूळ किती चालेल, हे सगळं आहे. कृत्रिम सुगंध चालत नाही हेही त्यात आहे.

"जितका लांब तितका अस्सल" हे मात्र डोक्यातून काढा. जुना नावाजलेला बासमती ३७० हा साधारण ७ मिलिमीटरचा. पुसा ११२१ हा आठ मिलिमीटरच्या वरचा. दोन्ही बासमतीच. उलट सुगंधा नावाने विकला जाणारा लांब, वासाचा तांदूळ ११२१ च्या शेजारी ठेवला तर डोळ्यांना फरक कळत नाही, आणि शरबती ३७० च्या शेजारी. भेसळ करणारा वेडा नसतो, दिसायला सारखाच माल तो निवडतो.

तरी फोटोतून एक चांगली गोष्ट कळू शकते: पोत्यात एकच प्रकार आहे की दोन. ते असं करायचं.

नमुना एका जागेचा घेऊ नका. कट्टा हलत-डुलत येतो तेव्हा तुकडा आणि कणी खाली सरकते. वरची मूठ, मधली आणि तळाची, तिन्ही एकत्र करून त्यातून न निवडता शंभरेक दाणे घ्या. मग तुटके वेगळे करा. तुटकं टोक बोथट, सपाट दिसतं, अखंड दाण्याची एक बाजू निमुळती आणि दुसऱ्या बाजूला कोंब निघून गेल्याची छोटी खाच असते. हे वेगळं केलं नाही तर टोक तुटलेला लांब दाणा तुम्हाला आखूड जातीचा वाटेल, आणि घोटाळा इथेच होतो. जितके तुटके काढले तितके अखंड दाणे परत भरून शंभर पूर्ण करा.

शेजारी नाणं ठेवून फोटो काढतात, ते टाळा. एक रुपयाची जुनी नाणी २५ मिलिमीटरची आहेत, २०११ नंतरची जवळपास २२ ची. कोणतं ठेवलं हे विसरलात की सगळी मापं चुकली. शाळेतला आलेख कागद घ्या, एक मिलिमीटरचे चौकोन त्यावर आयते असतात. दाणे एकमेकांना न चिकटवता पसरा. मोबाईल बरोबर वरून, कागदाला समांतर, ३०-४० सेंटीमीटरवर धरा आणि २एक्स झूम लावा. अगदी जवळ नेऊन साध्या लेन्सने काढलात तर कडेचे दाणे ताणलेले दिसतात. फोटोचा रुंद भाग ४००० पिक्सेल आणि त्यात १६ सेंटीमीटर कागद आला, तर एका मिलिमीटरला २५ पिक्सेल मिळतात. ७ आणि ८.२ मिलिमीटरच्या दाण्यांत ३० पिक्सेलचा फरक, तो सहज मोजता येतो. व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबलेल्या फोटोत टोकंच धूसर होतात.

पोराने हे अर्ध्या तासात केलं. चौथ्या कट्ट्याचे शंभर अखंड दाणे असे निघाले: साडेसहा ते सात मिलिमीटरमध्ये १७, सात ते साडेसातमध्ये १२, साडेसात ते आठमध्ये ९, आठ ते साडेआठमध्ये ४४, आणि त्यावर १८.

आकडे नीट बघा. एकाच जातीचा तांदूळ असता तर एकच ढीग झाला असता, मध्ये जास्त आणि दोन्ही बाजूंना कमी होत जाणारा. इथे दोन ढीग आहेत, मध्ये नऊची दरी. साधारण २९ दाणे आखूड ढिगातले, ७१ लांब ढिगातले. आता सरासरी काढा: जवळपास ७.९ मिलिमीटर. म्हणजे सरासरीच्या परीक्षेत हा कट्टा आरामात पास! दहा दाणे ओळीत लावून पट्टीने मोजायची जी पद्धत व्हिडिओत दाखवतात, तिच्यात ही मिसळ दिसलीच नसती.

२९ चा आकडाही जपून वापरायचा. शंभरच दाणे मोजलेत, दुसरे शंभर घेतले तर २० ते ३८ मध्ये काहीही येऊ शकतं. शिवाय ही दाण्यांची मोजणी आहे, वजनाची नाही. आखूड दाणा हलका, त्यामुळे वजनाने तो हिस्सा २५-२६ टक्क्यांच्या आसपास येतो. दुकानात जाऊन "तीस टक्के भेसळ" ओरडण्याआधी एवढं माहीत असावं.

आणि "भेसळ" म्हणायचं का? फोटोने सिद्ध झालं ते एवढंच की दोन लांबीचे तांदूळ एकत्र आहेत. ११२१ मध्ये ३७० मिसळला तरी हेच चित्र येईल, आणि ते दोन्ही बासमती. म्हणून त्याला पुढची पायरी करायला लावली. दोन्ही ढिगांतले २५-२५ दाणे वेगवेगळे, अर्धा तास भिजवून, भरपूर पाण्यात एकाच वेळी शिजवले, निथळले आणि परत आलेख कागदावर मांडले. लांब ढीग सरासरी ८.३ वरून १७.५ वर गेला, म्हणजे २.१ पट. आखूड ढीग ७ वरून साडेदहावर, दीड पट, आणि दाणा लांब होण्याऐवजी फुगला. १.७ च्या खाली. शंका वाढली. पण नवा तांदूळ जुन्यापेक्षा कमी वाढतो, त्यामुळे इथेही शेवटचा शब्द बोलता येत नाही.

फोटो जिथे थांबतो

तुटका माल किती, पोटात पांढरा डाग असलेले दाणे किती, पिवळे-काळे दाणे, किडे, खडे, सेला आणि कच्चा तांदूळ एकत्र केलाय का, हे फोटोत चांगलं दिसतं. पण तेही एकाच उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून. मोबाईल आपोआप रंग "सुधारतो" आणि पिवळसर तांदूळ दुधासारखा करून टाकतो.

दाण्याची जात फोटोत दिसत नाही. वास तर नाहीच नाही. आणि हातातल्या वासावरही जाऊ नका. कट्टा उघडताच भपकारा आणि धुतल्यावर काहीच नाही, असं असेल तर वरून काही मारल्याची शंका घ्यायला जागा आहे, एवढंच. जात ओळखायला डीएनए चाचणी लागते. बासमतीसाठी हैदराबादच्या सीडीएफडी संस्थेत आणि मेरठजवळ मोदीपुरमला तशी सोय उभारली गेली. ब्रिटनमध्ये व्यापाऱ्यांनी स्वतःला घालून घेतलेल्या नियमातही बिगर-बासमती सात टक्क्यांपर्यंत चालतो, कारण शेतात, मळणीत, मिलमध्ये थोडी मिसळ होतेच. तेव्हा एक वेगळा दाणा सापडला म्हणून रील बनवू नका.

"प्लॅस्टिकचा तांदूळ" म्हणून पाण्यावर तरंगणारे दाणे दाखवतात, त्याबद्दल एका वाक्यात: रेशनच्या तांदळात शंभराला एक या प्रमाणात लोह आणि जीवनसत्त्वं घातलेले फोर्टिफाइड दाणे मिसळतात, ते दिसायला वेगळे असतात आणि काही तरंगतातही.

मग केलं काय

पोरगा शिजवलेल्या दाण्यांचे फोटो घेऊन दुकानात गेला नाही. तो बिल आणि कट्ट्याची मागची बाजू घेऊन गेला. "काका, बिलावर बासमती आहे, कट्ट्यावर लाँग ग्रेन आहे." एवढंच बोलला. दुकानदाराने चष्मा लावला, वाचलं, गोदामात जाऊन बघितलं. त्याच्याकडे एकाच गाडीत दोन्ही माल आले होते आणि दोन्हींचे कट्टे एकाच थप्पीत लागले होते. त्याला वरून दिलं गेलं की त्याने दिलं, हे मला माहीत नाही आणि त्या फोटोंतून कधी कळलंही नसतं. त्याने चौथा कट्टा बदलून दिला, नवा घेताना पोराने तोंडावर टॉर्च मारून भोकं बघितली. दुसरी ओळ असलेला तिसराही त्याने बदलून मागितला, तोही मिळाला.

दुकानदाराने हात वर केले असते तर? तेव्हा रस्ता असा आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर किंवा फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर तक्रार करता येते, तिथे बिल, मागच्या लेबलचा आणि लायसन्स नंबरचा फोटो जोडा. दाण्यांचा फोटो जोडला तरी चालेल, पण त्यावर कारवाई होत नाही, अन्नसुरक्षा अधिकाऱ्याने स्वतः घेतलेल्या नमुन्यावर होते. आणि एक तरतूद फार कमी जणांना माहीत असते: अन्नसुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० प्रमाणे साधा ग्राहकही फी भरून अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेऊ शकतो. अहवालात माल नियमाबाहेर निघाला तर ती फी परत मिळते. अट अशी की माल घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं, "हा मी तपासायला देणार आहे." त्यामुळे आधी घेतलेला, उघडलेला कट्टा त्यात चालत नाही. नवा कट्टा, नवं बिल, आणि ते वाक्य दुकानात, दोन माणसांसमोर.